जर्मन क्रियापद: दुसरं की शेवटचं?

सांगलीतली मावसबहीण जर्मनच्या ए-टू परीक्षेआधी विचारत होती, दादा साध्या वाक्यांवर वेळ घालवू की वाइलवाल्या?

वाइलला (म्हणजे 'कारण') आपण घरचेच, "वाइल इश नाख सातारा गेफारेन बिन", शेवटचं गेफारेन बिन म्हणजे गेलो आहे, क्रमसुद्धा तोच. मार्क जातात साध्यात. "हॉयट फारे इश नाख सातारा", हॉयट म्हणजे आज, इश म्हणजे मी, फारे म्हणजे जातो हे क्रियापद; हॉयटने पहिली जागा खाल्ली की फारे लगेच दुसरं, पण मराठी सवयीने फारे शेवटी जातं नायतर इंग्रजीमुळे "हॉयट इश फारे" होतं. आणि वाइलचं वाक्य आधी आलं तर ते अख्खंच पहिली जागा: "वाइल इश क्रांक बिन, ब्लाइबे इश त्सु हाउझे", म्हणजे आजारी आहे म्हणून घरी थांबतो, ब्लाइबे म्हणजे थांबतो. इथे स्वल्पविरामानंतर लगेच इश दिसला की चुकलंच!

मराठीत विचार करून लिहिणाऱ्याने साधी वाक्यं घोटावीत, इंग्रजीतून जुळवणाऱ्याने वाइलसुद्धा. ती पहिल्यातली.