एकाच घराची दोन मूल्ये: भाडे की भांडवल?

कोकण किनाऱ्यावरील नगरपरिषदेच्या हद्दीत घरपट्टी आकारताना परंपरेने वार्षिक भाडेमूल्य धरले जाते, तर ग्रामपंचायतीत भांडवली मूल्य. पहिल्या पद्धतीत घर भाड्याने दिल्यास वर्षाला किती रक्कम येईल याचा अंदाज करून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करतात. म्हणजे दरमहा 3,000 रुपये भाडे अपेक्षित असल्यास करयोग्य मूल्य 32,400 रुपये होते, मग मालक स्वतः राहत असला तरीही.

भांडवली मूल्यात जमीन आणि बांधकाम वेगळे मोजले जाते. उदाहरणादाखल, 60 चौरस मीटरच्या जुन्या जांभ्याच्या घरासाठी शीघ्रगणकातील, म्हणजे शासनाच्या वार्षिक दरतक्त्यातील, जमिनीचा दर चौरस मीटरला 2,000 रुपये, बांधकामाचा दर 15,000 रुपये आणि बांधकामाच्या वयानुसार मूल्य कमी करणारा घसारा गुणक 0.6 धरू. जमिनीचे 1,20,000 आणि बांधकामाचे 5,40,000 मिळून 6,60,000 रुपये होतात. निवासी वापराचा भारांक 1 असल्याने रक्कम तीच राहते आणि हजारी 1 रुपया दराने कर 660 रुपये येतो.

खरा फरक पर्यटन वाढल्यावर दिसतो. जमिनीचा दर दुप्पट झाला की त्याच घराचा कर 780 रुपये होतो, जरी मालकाच्या हाती एक पैसाही जास्त आला नाही. भाडेपद्धतीत मात्र आसपासचे भाडे चढल्याशिवाय मूल्य हलत नाही. तिची दुखरी बाजू अशी, की जिथे कोणी घर भाड्याने देतच नाही तिथे अंदाज अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो. माझ्या मते भांडवली पद्धत तपासायला सोपी आहे: ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील, म्हणजे नमुना 8 मधील, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वय पाहावे, कारण घसारा चुकला की सारा हिशेब चुकतो.