तमिळ घोषवाक्य: शब्दशः अनुवाद, इंग्रजीच ठेवणं की नव्याने लिहून घेणं?

समजा, मसाल्याच्या ब्रँडचं इंग्रजी घोषवाक्य आहे ‘टेस्ट दॅट ब्रिंग्ज अस टुगेदर’ आणि आता माल तमिळनाडूत जायचा आहे. तीन वाटा आहेत: शब्दशः अनुवाद, इंग्रजी ओळ तशीच तमिळ लिपीत, किंवा तोच आशय धरून तमिळमध्ये नवी ओळ.

शब्दशः अनुवाद सगळ्यात स्वस्त, कारण दर शब्दामागे असतो. पाच शब्दांना लागणारा मोबदला इतका किरकोळ की अनुवादक सुचलेला पहिला अर्थ लिहून मोकळा होतो. ओळ अशी येते: ‘नम्मै ओन्ड्रागक् कोण्डुवरुम् सुवै’. व्याकरणात चूक नाही. पण ‘सुवै’ हा लिखित, ग्रांथिक शब्द आहे. घरात जेवताना माणसं ‘रुसि’ किंवा सरळ ‘टेस्ट’ म्हणतात. शिवाय क्रियापदाला विशेषण करून नाम शेवटी टाकल्यामुळे ओळ एखाद्या निबंधाच्या शीर्षकासारखी वाटते. लिखित आणि बोली तमिळमधलं अंतर मराठीतल्यापेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे हा फरक कानाला लगेच कळतो.

खरा धोका ‘अस’मध्ये आहे. तमिळमध्ये मराठीसारखेच ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत: ऐकणाऱ्याला धरून ‘नाम्’, त्याला वगळून ‘नाङ्गळ्’. इंग्रजी ओळीवरून कोणता घ्यायचा ते कळत नाही. अनुवादकाने ‘नम्मै’ऐवजी ‘एङ्गळै’, म्हणजे ‘आपल्याला’ऐवजी ‘आम्हाला’ लिहिलं, तर ही चव कंपनीच्या लोकांना एकत्र आणते, असा अर्थ होतो. म्हणून मराठी मालकाने कामाची टिपणी इंग्रजीबरोबर मराठीतही द्यावी आणि ‘आपण’ की ‘आम्ही’, ‘तू’ की ‘तुम्ही’ हे सांगून टाकावं. तमिळ लेखकाला त्यातून ‘नी’ घ्यायचं की ‘नीङ्ग’, हे लगेच कळतं.

इंग्रजी ओळ तमिळ लिपीत ठेवणं मोबाइल, कपडे, तरुणांची पेयं यांना चालतं, कारण शहरी तमिळ बोलण्यात इंग्रजी भरपूर आहे. मसाल्यासाठी मात्र ही वाट आम्ही सुचवणार नाही. पाकीट निवडणाऱ्या प्रत्येकाला ‘ब्रिंग्ज अस टुगेदर’ भिडेलच असं नाही. ब्रँडचं नावही आधी तपासा. तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आहे आणि शब्दाच्या सुरुवातीला ते साधारणपणे ‘क’ वाचलं जातं. ‘गंध’ आणि ‘कंद’ एकसारखेच लिहिले जातील.

तिसऱ्या वाटेत लेखक ‘चव’ सोडून ‘वास’ पकडू शकतो, कारण घर गोळा होतं ते फोडणीच्या वासाने. एक मसुदा: ‘वासम् वन्दा वीडे कूडुम्’, म्हणजे वास आला की अख्खं घर जमतं. ‘वा-व’ या आद्याक्षरांच्या जुळणीला तमिळमध्ये ‘मोनै’ म्हणतात. ओळ लक्षात राहते ती तिच्यामुळे. ‘वीडे’मधला ‘ए’ ‘अख्खं’चं काम करतो, तो काढला की नुसती घराची वास्तू उरते. वासासाठी शब्दही जपून घ्यावा लागतो: ‘नाट्रम्’चा जुना अर्थ सुगंध, आज तो दुर्गंध आहे. शब्दकोशात दोन्ही सापडतात.

पण या मसुद्यातही एक अडचण आहे. ‘कूडु’ म्हणजे जमणं, तसंच वाढणं. दुसऱ्या क्रियापदाला जोडून आलं की ‘कदाचित होईल’. आणि साहित्यात स्त्री-पुरुषांचा संग. ‘ओण्णु कूडुम्’ केलं की फक्त एकत्र जमणं उरतं: ‘वासम् वन्दा वीडे ओण्णु कूडुम्’. एक शब्द वाढला, पण अर्थ पक्का झाला. रेडिओला ‘वन्दा’ आणि ‘ओण्णु’ शोभतात. पाकिटावर लिखित रूप हवं असेल तर दोन्ही बदला: ‘वन्दाल्’, ‘ओन्ड्रु’. एक बोली आणि एक लिखित अशी सरमिसळ वाचणाऱ्याला लगेच खटकते.

या कामाचे पैसे शब्दावर नाही, कामावर ठरवा. तीन पर्याय मागा, प्रत्येकाखाली शब्दशः उलट अनुवाद आणि निवडीचं कारण. उलट अनुवाद दुसऱ्या माणसाकडून घ्या. लिहिणारा आपल्या मनातला अर्थच परत लिहितो. मग चेन्नई, मदुरै, कोइंबतूर इथल्या काही जणांना ओळ मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘आवडली का?’ऐवजी ‘हे कशाबद्दल आहे, कोण कोणाला म्हणतंय?’ असं विचारा. कोणी अडखळलं, किंवा हसू दाबलं, तर ती ओळ बाजूला ठेवा.

साहित्याची यादी, वापरण्याची पद्धत, साठवणुकीच्या सूचना यांना शब्दशः अनुवादच हवा. तिथे नव्याने लिहायला पैसे घालू नका. मोठा फलक, रेडिओ आणि पाकिटाची दर्शनी बाजू यांसाठी तिसरी वाट घ्या.