डिमरवर एलईडी लुकलुकतात, गुणगुणतात: दिवे बदलायचे की डिमर?

राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये जुना गोल नॉबचा डिमर होता. त्यावर पूर्वी साठ वॉटचे सहा पिवळे बल्ब होते, म्हणजे 360 वॉट. घरच्यांनी ते काढून 7 वॉटचे सहा एलईडी लावले. पाकिटावर ‘डिमेबल’ लिहिलेलं होतं, तरी प्रकाश अर्ध्यावर आणला की दिवे लुकलुकायचे आणि घूं घूं आवाज यायचा. काकूंचा प्रश्न सरळ होता, “दिवे परत बदलू, का डिमर बदलू?”

उत्तर देण्याआधी दोन्ही तक्रारी वेगळ्या करायला हव्यात, कारण त्यांची मुळं वेगळी आहेत.

आधी लुकलुक. जुन्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो एकदा चालू झाला की आपल्यातून काही किमान प्रवाह वाहतोय तोवरच चालू राहतो. प्रवाह त्याखाली गेला की तो मध्येच बंद पडतो. आपल्याकडे विजेच्या सेकंदाला 100 अर्धलहरी येतात. काहींत ट्रायॅक टिकला, काहींत सुटला, की डोळ्याला लुकलुक दिसते. म्हणून डिमरवर कमाल भाराबरोबर किमान भारही छापलेला असतो. या डिमरच्या मागे 60 ते 400 वॉट लिहिलं होतं. सहा एलईडी मिळून 42 वॉट. भार मुळातच कमी, त्यात एलईडी प्रवाह सलग न घेता तुकड्या-तुकड्यांत घेतो.

आता आवाज. ट्रायॅकचा डिमर प्रत्येक अर्धलहरीची सुरुवात कापतो. याला लीडिंग एज म्हणतात. नॉब मध्यावर असताना दिव्यावरचा दाब शून्यावरून क्षणात 325 व्होल्टच्या आसपास चढतो. दिव्यातला कपॅसिटर त्याच क्षणी प्रवाहाचा मोठा झटका घेतो, आणि त्या झटक्यांनी दिव्यातले किंवा डिमरमधले सुटे भाग थरथरतात. कान आधी नॉबजवळ न्या, मग दिव्याजवळ. कोण गुणगुणतंय ते लगेच कळतं. ट्रेलिंग एज डिमर उलट करतो. लहर शून्यापासून हळूहळू चढू देतो आणि शेवट कापतो, त्यामुळे तो झटका बसत नाही.

दोष नेमका कुठला, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. एमसीबी बंद करून सहापैकी एक एलईडी काढा, त्या होल्डरमध्ये माळ्यावर पडलेला साठ वॉटचा बल्ब लावा. भार 95 वॉट होतो. या हॉलमध्ये तसं केल्यावर लुकलुक थांबली, गुणगुण मात्र कमी झाली तरी राहिली. म्हणजे किमान भाराची अडचण होतीच, शिवाय लहर कापायची पद्धतही या दिव्यांना मानवत नव्हती.

आता पर्याय. जुन्या डिमरवर दुसरे डिमेबल एलईडी घेतले, तर बनवणाऱ्याने लीडिंग एज चालतो असं लिहिलंय का ते बघावं लागतं. तरी 42 वॉटचा भार 42च राहतो, म्हणून लुकलुकीवर हा भरवशाचा उपाय नाही. दुसरा मार्ग, दिव्यांना समांतर लोड रेझिस्टर जोडणं. भार भरून निघतो, लुकलुक जाते, पण रेझिस्टर तापतो, वीज खातो आणि आवाज थांबवत नाही. फॉल्स सीलिंगमध्ये तो कोंबून ठेवणं मला पटत नाही. तिसरा, ट्रेलिंग एज डिमर. याचा किमान भार बहुधा अगदी कमी, काही वॉटच असतो, म्हणून 42 वॉट त्याला पुरतात. किंमत जुन्या पद्धतीच्या डिमरपेक्षा जास्त पडते, पण दोन्ही तक्रारींवर एकच उपाय होतो. काकूंना मी हाच सांगितला.

बसवल्यावर आवाज गेला. अगदी खालच्या टोकाला दोन दिवे विझत होते. डिमरवर किमान प्रकाशाचा बारीक स्क्रू होता, तो थोडा वर घेतल्यावर सहाही एकसारखे मंद होऊ लागले. असा स्क्रू आहे का, हे खरेदीच्या वेळीच विचारा.

दुकानात खोक्यावरची अक्षरंही वाचा. R, L म्हणजे लीडिंग एज, R, C म्हणजे ट्रेलिंग एज, तिन्ही असली तर दोन्ही पद्धती चालतात. एलईडीसाठी कमाल वॉट वेगळे दिलेले असतील तर तेच धरा, पिवळ्या बल्बचा आकडा नको. पाकिटावर ‘डिमेबल’ नसलेला एलईडी कुठल्याच डिमरवर लावू नका, आणि पंख्याचा रेग्युलेटर तर दिव्याला मुळीच नको.

एका ठिकाणी मात्र जुनाच ठेवा: लोखंडी ट्रान्सफॉर्मरवर चालणारे 12 व्होल्टचे हॅलोजन असतील तर तिथे लीडिंग एजच लागतो, ट्रेलिंग एज तिथे बिघडू शकतो.