गठ्ठ्याने स्कॅन करताना: मध्ये कोरा कागद घालावा की पॅच-टीचा?

आमच्या गृहनिर्माण सोसायटीत 48 सदनिका आहेत. प्रत्येक सभासदाची एक फाइल, फाइलमध्ये सरासरी नऊ कागद: शेअर सर्टिफिकेटची प्रत, नामनिर्देशन अर्ज, खरेदीखताची काही पाने, जुनी पत्रे. स्कॅनरच्या ट्रेमध्ये एका वेळी 50 कागद मावतात. म्हणजे पाच फायलींचे 45 कागद आणि त्यांच्या मध्ये घातलेले चार विभाजक कागद, एवढे एका खेपेत बसतात. बटण एकदाच दाबायचे आणि संगणकावर पाच वेगळ्या पीडीएफ मिळाव्यात, एवढीच अपेक्षा होती. प्रश्न होता तो विभाजक कागद कोणता घ्यायचा याचा.

पहिला पर्याय सगळ्यांना सुचतो तोच, कोरा कागद. छापायचे काही नाही, रिममधून चार कागद काढले की झाले. स्कॅनिंगचा प्रोग्राम प्रत्येक पानावर शाई किती आहे ते मोजतो. ती ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी असली की पान कोरे समजतो, तिथे कागदपत्र तोडतो आणि बहुतेक वेळा ते पान टाकून देतो. दुसरा पर्याय म्हणजे पॅच-टी, ठरावीक पट्ट्या छापलेला कागद. इथे प्रोग्राम ‘काही नाही’ शोधत नाही, एक ठरलेली खूण शोधतो. सगळा फरक इथूनच सुरू होतो.

कोऱ्या कागदाची अडचण थोड्या हिशेबाने कळते. 300 डीपीआयला ए-फोर पान म्हणजे 2480 गुणिले 3508, साधारण 87 लाख ठिपके. एखादी सही घ्या: पेनची रेघ अर्धा मिलिमीटर जाड आणि सगळी वळणे सरळ केली तर 15 सेंटिमीटर लांब. तिचे ठिपके होतात साडेदहा हजारांच्या आसपास, म्हणजे पानाच्या 0.12 टक्के. आता पंचिंग मशीनची दोन भोके घ्या, प्रत्येकी सहा मिलिमीटर व्यासाची. स्कॅनरच्या आतली मागची पट्टी काळी असेल तर ती भोके काळी उमटतात आणि दोन्ही मिळून सुमारे आठ हजार ठिपके भरतात, म्हणजे 0.09 टक्के. भोके पाडलेला कोरा कागद आणि फक्त सही असलेले पान यांत प्रोग्रामच्या लेखी एवढाच फरक. मर्यादा अर्ध्या टक्क्यावर ठेवली तर दोन्ही कोरे. नामनिर्देशन अर्जाची साक्षीदारांची सही मागच्या पानावर एकटीच गेली असेल, तर ते पान विभाजक समजून टाकले जाते आणि कुठे सूचनाही येत नाही. मर्यादा 0.05 टक्क्यावर आणली तर सही वाचते, पण कडेची सावली किंवा भोके पडलेला विभाजक ‘भरलेला’ ठरतो आणि दोन सभासदांच्या फायली एक होतात. म्हणून कोरा कागद वापरणारच असाल तर तो न पंच केलेला, न चुरगळलेला घ्या. कोरी पाने टाकून देण्याऐवजी ठेवण्याची सोय असेल तर ती निवडा. पुढे हाताने काढता येतात.

आपल्या गठ्ठ्यातली पाने किती ‘कोरी’ दिसतात हे आधी पाहायचे असेल तर घोस्टस्क्रिप्ट हा कमांडने चालणारा पीडीएफचा प्रोग्राम पानागणिक शाईचे प्रमाण छापतो:

```
gs -q -o - -sDEVICE=inkcov gattha.pdf
```

हे फक्त काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर चालवा. करड्या किंवा रंगीत स्कॅनमध्ये कागदाची किंचित पिवळट छटाही शाई म्हणून मोजली जाते आणि स्वच्छ कोरे पानसुद्धा भरलेले दिसते.

याहून मोठा खड्डा दोन्ही बाजूंच्या स्कॅनिंगमध्ये आहे. आमचे अर्धेअधिक कागद एकाच बाजूला छापलेले. दोन्ही बाजू घेतल्या की अशा प्रत्येक कागदाची पाठ कोरी येते, आणि प्रतिमा एकेक करून मोजणारा साधा प्रोग्राम तिथे तिथे फाइल तोडतो. नऊ कागदांच्या फाइलचे सहा-सात तुकडे होतात. यावर उपाय म्हणजे पाने जोडीने पाहणे: पहिले-दुसरे, तिसरे-चौथे अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक कागद, आणि जोडीतली दोन्ही पाने कोरी असली तरच तो विभाजक. हा नियम देणारा प्रोग्राम असेल तर कोरा कागद चालतो. पण स्कॅनरच्या ड्रायव्हरमधली ‘कोरी पाने वगळा’ ही सोय बंद हवी. ती चालू राहिली तर विभाजक प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाहीत आणि जोड्याही विस्कटतात.

पॅच-टी यातल्या बहुतेक भानगडींच्या बाहेर राहतो. भोके, सावली, कोरी पाठ यांचा त्याला फरक पडत नाही, कारण पट्ट्या आपल्या सभासदांच्या कागदांवर कुठेच नाहीत. त्याचे स्वतःचे नखरे मात्र आहेत. ‘पॅच-टी’ या एकाच नावाखाली काही प्रोग्राम जाड पट्ट्या शोधतात, तर काही PATCHT हा मजकूर असलेला बारकोड. paperless-ngx हा कागदपत्रे साठवण्याचा प्रोग्राम दुसऱ्या प्रकारातला. म्हणून नेटवर सापडलेले कुठलेही पान न छापता आपल्या प्रोग्रामने दिलेले किंवा त्याच्या मदतपानावरचेच छापा. झेरॉक्सची झेरॉक्स वापरू नका, पट्ट्यांच्या कडा पसरतात. दोन्ही बाजू स्कॅन करणार असाल तर कागदही दोन्ही बाजूंनी छापा, नाहीतर विभाजकाची कोरी पाठ पुढच्या सभासदाच्या फाइलचे पहिले पान होऊन बसते. आधी पाच-सहा कागदांवर चाचणी घ्या.

आम्ही शेवटी NAPS2 हा स्कॅनिंगचा प्रोग्राम वापरला. तो फुकट आहे आणि त्याच्या बॅच स्कॅनमध्ये पॅच-टीने वेगळ्या फायली करण्याचा पर्याय आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून करायचे असेल तर:

```
naps2.console -o "sabhasad-$(nnn).pdf" --splitpatcht
```

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा, चूक झाली हे कळणार कसे? प्रत्येक खेपेनंतर आम्ही फक्त फायली मोजतो. पाच घातल्या, पाच आल्या पाहिजेत. पॅच-टीची चूक व्यवहारात एकाच दिशेने होते: एखादा विभाजक वाचला जात नाही किंवा दुसऱ्या कागदाला चिकटून जातो, आणि चारच फायली येतात. आकडा लगेच बोलतो. कोऱ्या कागदाची चूक दोन्ही दिशांनी होते. एका ठिकाणी नको तिथे फाइल तुटली आणि दुसरीकडे विभाजक निसटला, तर आलेल्या फायली पुन्हा पाचच! मग मोजून काही कळत नाही, प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते. तेवढा वेळ घालवायचा तर आपोआप वेगळे करण्यात वाचवले काय? याच कारणाने एका फाइलचे कागद दोन खेपांत विभागू नयेत. खेप संपली की फाइल संपली असे असले, तर बिघाड झाला तरी पाच सभासदांपुरताच राहतो.

मग कोरा कागद कधी? कागद सगळे एकाच बाजूला छापलेले, स्कॅन एका बाजूचे आणि काळे-पांढरे, प्रत्येक पान मजकुराने भरलेले, आणि जवळ प्रिंटर नाही, तेव्हा खुशाल वापरा. टंकलिखित बिले किंवा खात्याचे उतारे असतील तर तो पुरतो. हातच्या सह्या, अर्धी कोरी पाने, जुने पातळ कागद यांपैकी काही असेल तर पॅच-टी. फाइलला सदनिकेचा क्रमांकही आपोआप हवा असेल तर तिसरा पर्याय म्हणून प्रत्येक फाइलला वेगळा बारकोड छापता येतो, पण मग 48 वेगळी पाने छापून ती योग्य फाइलवरच लावण्याचे काम वाढते. आम्ही नावे हाताने दिली. अर्ध्या तासाचे काम होते.

विभाजक पुन्हा पुन्हा वापरायचे असल्याने आम्ही ते फिकट पिवळ्या कागदावर छापले. स्कॅन झालेल्या गठ्ठ्यातून ते नजरेने पटकन उपसता येतात, आणि काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पिवळा रंग उडून पट्ट्या तेवढ्या राहतात. कोऱ्या विभाजकाला पिवळा कागद वापरून रंगीत स्कॅन केलात, तर मात्र प्रोग्रामला ते पान काठोकाठ भरलेले दिसेल.