उंची आणि मोनोटोनिक स्टॅक वापरून फक्त १ असलेले सबमॅट्रिक्स मोजणे: सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले सात महिने मी एका महाविद्यालयाच्या कोडिंग स्पर्धेसाठी प्रश्न आणि त्यांची नमुना उत्तरे तयार करतो आहे. ० आणि १ यांच्या ग्रिडमध्ये फक्त १ असलेले आयताकृती सबमॅट्रिक्स एकूण किती, हा त्यांतला एक प्रश्न असल्यामुळे त्याची स्टॅकवर आधारलेली रीत मला जवळजवळ रोज चालवावी लागली. लीटकोडवर हाच प्रश्न १५०४ या क्रमांकाने आहे; तेथे ग्रिडची कमाल मर्यादा १५० × १५० आहे, तर आमच्याकडे ती ३००० × ३००० होती. या फरकामुळेच रीतीचे गुणदोष नीट पाहता आले.

रीतीचा पाया साधा आहे. वरून खाली एकेक ओळ घ्यायची आणि प्रत्येक स्तंभात त्या ओळीपासून वर सलग किती १ आहेत, ती उंची जपायची. ० आला की उंची पुन्हा ०. आता एखाद्या चौकोनात खालचा उजवा कोपरा असलेले आयत किती, हे विचारले, तर उत्तर असे येते: त्या चौकोनापासून डावीकडे एकेक स्तंभ सरकत जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंतची सर्वांत लहान उंची बेरजेत मिळवायची. प्रत्येक आयताला खालचा उजवा कोपरा एकच असतो, म्हणून कोणताही आयत दोनदा मोजला जात नाही.

डावीकडे सरकण्याचे हे काम वाचवणे, एवढीच स्टॅकची कामगिरी. समजा एका ओळीतील उंची २, १, ३, ३, ०, २ अशा आहेत आणि आपण चौथ्या स्तंभावर, म्हणजे दुसऱ्या ३ वर आहोत. डावीकडे ३ पेक्षा लहान असलेली सर्वांत जवळची उंची दुसऱ्या स्तंभातील १ आहे. तिच्यापुढच्या दोन स्तंभांत किमान उंची ३ च राहते, म्हणून ३ × २ = ६. त्या १ पासून आणखी डावीकडे गेल्यावर किमान काय होईल, हे दुसऱ्या स्तंभाचे उत्तर काढताना आधीच मोजलेले आहे. ते २ होते. म्हणून येथील उत्तर २ + ६ = ८. सगळ्या स्तंभांची उत्तरे अनुक्रमे २, २, ५, ८, ०, २ येतात आणि ओळीची बेरीज १९ होते. जवळची लहान उंची शोधण्यासाठी स्टॅकवर चढत्या उंचीचे स्तंभ ठेवायचे आणि चालू उंचीपेक्षा मोठे किंवा तिच्याइतके असलेले वरून काढून टाकायचे. प्रत्येक स्तंभ एकदाच स्टॅकवर चढतो आणि जास्तीत जास्त एकदाच उतरतो, त्यामुळे संपूर्ण ओळीचे काम तिच्या लांबीच्या प्रमाणातच राहते. खालच्या तुकड्यात `h` म्हणजे चालू ओळीतील उंची, `s` म्हणजे स्तंभांची उत्तरे, `st` म्हणजे स्टॅक आणि `j` म्हणजे चालू स्तंभ.

```python
while st and h[st[-1]] >= h[j]:
    st.pop()
p = st[-1] if st else -1
s[j] = (s[p] if st else 0) + h[j] * (j - p)
total += s[j]
st.append(j)
```

या रीतीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे समान उंची आल्या तरी ती बिघडत नाही. वरील तुलनेत `>=` ऐवजी `>` लिहिले तरी बेरीज तीच येते, कारण समान उंचीच्या स्तंभाचे उत्तर पुढे जोडले गेले तरी ते बरोबरच असते. याच प्रश्नाची दुसरी रीत अशी की प्रत्येक उंचीला किमान धरून ती डावीकडे आणि उजवीकडे किती पसरते, ते गुणायचे. तेथे मात्र समान उंचींपाशी पाय घसरतो. ३, ३ एवढीच ओळ घ्या. बरोबर उत्तर ९ आहे. दोन्ही बाजूंना समान उंचीवर थांबले तर ६ येते, आणि दोन्ही बाजूंना समान उंची ओलांडली तर १२. एका बाजूला थांबणे आणि दुसऱ्या बाजूला ओलांडणे हा उपाय सर्वांना माहीत असतो, पण रात्री अकराला कोणती बाजू कोणती हे आठवत नाही. त्यामुळे मी ती रीत सोडून दिली.

आता माझी फजिती. वरच्या तुकड्यातील `if st else 0` ही खबरदारी माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हती. मी सरळ `s[p]` लिहिले होते. पायथनमध्ये `s[-1]` म्हणजे यादीतील शेवटचा घटक. प्रत्येक ओळीसाठी `s` नव्याने शून्यांनी भरली जात होती तोवर तो घटक वाचताना नेहमी ० च मिळत असे आणि उत्तर योगायोगाने बरोबर येत असे. नंतर जागा वाचवण्यासाठी मी `s` बाहेरच्या लूपच्याही बाहेर नेली, आणि मागील ओळीच्या शेवटच्या स्तंभाचे उत्तर गुपचूप पुढील ओळीत मिसळू लागले. १०१, ११०, ११० या तीन ओळींच्या ग्रिडचे बरोबर उत्तर १३ आहे. माझा प्रोग्राम १९ सांगत होता. एका ओळीच्या सर्व चाचण्या मात्र पार होत होत्या, आणि शेवटचा स्तंभ पूर्ण शून्यांचा असेल तर मोठ्या ग्रिडवरही चूक दिसत नव्हती.

ती सापडली आरशामुळे. ग्रिड डावी-उजवीकडे उलटवला तर आयतांची संख्या बदलता कामा नये; पण वरील ग्रिड उलटवल्यावर त्याच प्रोग्रामने २८ सांगितले. तेव्हापासून प्रत्येक ग्रिड मी सरळ, उलटा आणि ओळी-स्तंभांची अदलाबदल करून असा तीनदा चालवतो. अर्थात आरशासमोर दोन्ही बाजूंना सारखीच होणारी चूक, उदाहरणार्थ वर सांगितलेली ६ किंवा १२ ची, नुसत्या उलटवण्याच्या तपासणीतून निसटते, आणि अदलाबदलीतही ती नेहमी सापडतेच असे नाही. तिच्यासाठी लहान ग्रिडवर ब्रूट फोर्सशी पडताळणी करावीच लागते.

उत्तराचा आकार हा सी++ वापरणाऱ्यांना सतावणारा मुद्दा आहे. पूर्ण १ असलेल्या ३०३ × ३०३ ग्रिडचे उत्तर २,१२,११,५५,१३६ असते आणि ते ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात मावते. ३०४ × ३०४ चे मावत नाही. लीटकोडच्या मर्यादेत ही वेळच येत नाही, म्हणून तेथून उचललेला `int` आमच्याकडे ऋण उत्तरे देऊ लागला.

वेगाबद्दल मात्र माझे मत सात महिन्यांत बरेच निवळले. १५० × १५० साठी डावीकडे सरकण्याची साधी रीतसुद्धा सुमारे १७ लाख पावलांत संपते, म्हणजे तेथे स्टॅकची गरजच नाही. इतकेच नव्हे, तर ० दिसताच थांबणारी साधी रीत ३००० × ३००० च्या यादृच्छिक ग्रिडवरही स्टॅकच्या तोडीस तोड चालते, कारण ० आणि १ निम्मे-निम्मे असतील तर डावीकडे सरासरी दोन-एक पावलांतच ० भेटतो. मी पहिल्या खेपेस सगळ्या मोठ्या चाचण्या यादृच्छिकच ठेवल्या होत्या आणि मुलांची संथ उत्तरे त्यातून निर्धास्त पार झाली. फरक पडतो तो दाट ग्रिडवर: पूर्ण १ असतील तर साध्या रीतीला साडेतेराशे कोटी पावले लागतात, स्टॅकला मात्र ९० लाख चढउतारांच्या जोड्या पुरतात. आता चाचण्यांत एक ग्रिड पूर्ण १ चा, एक हजारात एखादाच ० असलेला आणि एक पायऱ्यांसारख्या चढत्या उंचींचा असतो.

एक उणीव राहतेच. मधला एखादा चौकोन बदलला तर त्या ओळीपासून खालची सगळी मोजणी पुन्हा करावी लागते, त्यामुळे ग्रिड सतत बदलणाऱ्या प्रश्नासाठी ही रीत मी वापरत नाही. उलट ओळी एकामागून एक येत असतील आणि मागच्या ओळी साठवायच्या नसतील, तर उंचींची एकच यादी पुरते. सध्या आमचे नमुना उत्तर फाइलमधून एकेक ओळ वाचत याच पद्धतीने चालते.