एका तासावर तीन प्रश्न: दोन सत्रांच्या वापरानंतर

द्वितीय वर्ष बी.एस्सी.च्या संख्याशास्त्राच्या वर्गात मी गेली दोन सत्रे दर आठवड्याला एक छोटी चाचणी घेत आहे. त्या आठवड्यातील एकच तास निवडायचा, त्यावर तीन प्रश्न काढायचे आणि पुढच्या तासाच्या सुरुवातीला सात मिनिटांत अर्ध्या कागदावर उत्तरे लिहून घ्यायची, एवढीच पद्धत आहे. सुरुवातीला मी ही चाचणी त्याच तासाच्या शेवटी घेत असे. पण तेव्हा फळ्यावरचे गणित डोळ्यांसमोरच असल्यामुळे जवळजवळ सगळ्यांची उत्तरे बरोबर येत आणि मला काहीच कळत नसे. मध्ये दोन दिवस गेल्यावर जे उरते, तेच मला तपासायचे होते.

कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे समष्टीच्या माध्याचा, अर्थात संपूर्ण गटाच्या सरासरीचा, नमुन्यावरून अंदाज देणारे अंतर, या विषयावरच्या तासाचे उदाहरण देतो. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या 64 पिशव्या मोजल्या, सरासरी 498 मिली आली आणि प्रमाण विचलन 4 मिली असल्याचे आधीपासून माहीत आहे, असे गृहीत धरून 95 टक्क्यांचे अंतर काढा, हा पहिला प्रश्न होता. प्रमाण त्रुटी 4 भागिले 8, म्हणजे 0.5, तिला 1.96 ने गुणून 0.98, म्हणून अंतर 497.02 ते 498.98. ज्यांनी 490.16 ते 505.84 असे लिहिले, त्यांनी 64 चे वर्गमूळ घेऊन भागलेच नव्हते, हे उत्तर पाहताक्षणी कळते. चुकीच्या उत्तरावरून चुकीची जागा सापडावी, अशा बेताने आकडे निवडायला मी हळूहळू शिकलो. 64 ऐवजी 50 पिशव्या घेतल्या असत्या, तर वेळ आकडेमोडीतच गेला असता.

अंतराची रुंदी निम्मी करायची असेल तर किती पिशव्या मोजाव्या लागतील, हा दुसरा प्रश्न. निम्म्याहून अधिक मुलांनी 128 लिहिले. नमुना दुप्पट केला की रुंदी निम्मी होईल, हे मनाला सहज पटते. प्रत्यक्षात 128 पिशव्यांनी रुंदी 1.96 वरून सुमारे 1.39 पर्यंतच येते आणि ती निम्मी होण्यासाठी 256 पिशव्या लागतात. त्या मुलांना सूत्र पाठ होते, पण त्यातील वर्गमूळ काय करते हे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून दर चाचणीत एक प्रश्न ‘हे बदलले तर काय होईल’ असाच ठेवतो.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र माझीच परीक्षा घेतली. 497.02 ते 498.98 या अंतराचा योग्य अर्थ चार विधानांतून निवडायचा होता. 95 टक्के पिशव्यांतील दूध या अंतरात येते, हे विधान काहींनी निवडले. तसे होणार याची मला कल्पना होती. पण वर्गातील सर्वांत चांगल्या मुलांनी ‘समष्टीचे माध्य या अंतरात असण्याची संभाव्यता 0.95 आहे’ हे निवडले. कच्च्या मुलांचे उत्तर चुकले तर अभ्यासाकडे बोट दाखवता येते; पक्क्या मुलांचे सरसकट एकच उत्तर चुकते तेव्हा प्रश्न संदिग्ध आहे किंवा शिकवण्यात काही बिघडले आहे, असे समजावे. एका मुलीची वही मागून पाहिली. त्यात माझेच वाक्य शब्दशः उतरवलेले होते: ‘माध्य या अंतरात असण्याची शक्यता 95 टक्के.’

संख्याशास्त्रज्ञ यर्झी नेमन यांनी 1937 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत माध्य स्थिर असते. नमुन्यागणिक बदलते ते अंतर. पुन्हापुन्हा नमुने घेतले तर अशा अंतरांपैकी सुमारे 95 टक्के अंतरे खऱ्या माध्याला सामावून घेतील, असे म्हणायला हवे होते. एकदा आकडे हाती आले की ते विशिष्ट अंतर माध्याला एक तर सामावते, नाही तर नाही. पुढच्या तासाला मी वर्गाला माझी चूक सांगितली आणि त्या प्रश्नाचे गुण कोणाचेच कापले नाहीत. प्रश्न एकाच तासावरचे होते, म्हणूनच ही चूक इतक्या नेमकेपणाने सापडली. सगळ्या प्रकरणावरच्या चाचणीत ती इतर चुकांत मिसळून गेली असती.

याच गुणाची दुसरी बाजू सत्र परीक्षेत दिसली. समष्टीचे प्रमाण विचलन दिलेले नसलेल्या, 12 निरीक्षणांच्या गणितातही अनेकांनी 1.96 वापरले, तेथे 11 स्वातंत्र्य कोटींसाठीचा टी-वितरणाचा 2.201 हवा होता. साप्ताहिक चाचणीत कोणते साधन वापरायचे हे मुलांना आधीच ठाऊक असते, कारण कालपरवाचाच तास असतो. साधन निवडण्याचा सराव त्यात होत नाही. म्हणून दुसऱ्या सत्रापासून तिसरा प्रश्न तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या एखाद्या तासावरचा ठेवतो आणि तो कोणत्या तासावरचा आहे हे लिहीत नाही. त्या प्रश्नाचे गुण अजूनही सर्वांत कमी येतात आणि तपासताना सर्वांत आधी मी तोच पाहतो.