गळा दाबून ‘सडका आम’ काढणारं शिबिर: आमचे ४४,७०० रुपये गेले

इंदूरमधल्या ज्या मराठी घरांत सत्तरीपुढचे कुणी सतत घसा खाकरतात, पाणी प्यायले की ज्यांच्या मानेत गुडगुडतं, त्यांनी हे जरूर वाचा. कंठशुद्धीच्या शिबिरांची पत्रकं रामबाग, सुदामानगरकडे पेपरात घालून येतात. पत्रकं कशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. आम्हाला कसं गुंडाळलं ते सांगतो, कारण ती युक्ती फक्त एकाच आजारात चालते आणि नेमका तोच आजार आमच्या बाबांना होता.

बाबा शहात्तर वर्षांचे. वर्षभर घास अडकायचा आणि रात्री आडवे झाले की खोकला यायचा. सकाळी उशीवर आदल्या रात्रीच्या भाजीचे तुकडे सापडायचे. तोंडाला अशी घाण यायची की नातू शेजारी बसेना. कवळी बदलली, दात साफ करून घेतले. आमच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी म्हणून रिकाम्या पोटी घ्यायच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या, काडीचा फरक नाही. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, भोळा नाही. पण एवढं सगळं करूनही गुण येत नाही म्हटल्यावर घरचे ‘एकदा तिकडे दाखवून तर बघू’ म्हणणारच.

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. नोंदणीचे ५०० आणि ‘नाडी व कंठ परीक्षे’चे १,१०० भरले. वैद्य म्हणवणाऱ्या माणसाने बाबांना कसलं तरी चूर्ण घातलेलं पाणी पाजलं, थोडं पुढे वाकवलं आणि मानेच्या डाव्या बाजूला अंगठा रोवला. गुडगुड असा आवाज झाला, समोरच्या रांगेतल्यांनाही ऐकू गेला. “वात बोल रहा है,” तो म्हणाला. मग खाली धरलेल्या स्टीलच्या तसराळ्यात बाबांच्या तोंडातून बुळबुळीत पाणी आणि त्याबरोबर मटार पडले. “देखिए, महीनों का सड़ा हुआ आम!” आम म्हणजे वैद्यांच्या भाषेत न पचता अंगात साचलेलं अन्न. लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

आता तसराळ्यात काय होतं ते नीट सांगतो, कारण ते आठवलं की माझं डोकं सटकतं. मटार आदल्या रात्रीच्या उसळीतले होते, सालासकट, अख्खे. आणि त्यात बीपीची गुलाबी गोळी होती. कडा झिजलेल्या, रंग उडालेला, पण गोळी ओळखू येत होती. तासाभरापूर्वी घरून निघताना मीच ती दिली होती! महिन्यांचा आम आणि त्यात आज सकाळची गोळी? शिवाय बाबा तोंड पुसत म्हणाले, “आंबट नाही रे लागत, नुसतं शिळं लागतंय.” पोटातून वर आलेलं अन्न आंबट किंवा कडू लागतं. हे पोटापर्यंत पोचलंच नव्हतं. गोळीही पोचत नव्हती, आणि मी मात्र बीपी का उतरत नाही म्हणून बाबांनाच मिठावरून बोलत होतो.

पण त्या दिवशी बाबा दुपारी पोटभर जेवले, घास अडकला नाही. डोळ्यांदेखत गुण आल्यावर कोण शंका घेईल? पहिल्या कोर्सचे १८,६०० दिले. त्यात पुड्या आणि घरी रोज रात्री आडवं पडून मान दाबायची कृती होती. काही दिवसांनी पुन्हा सगळं जैसे थे झालं, तेव्हा ‘जड़ बाकी है’ म्हणत दुसऱ्या कोर्सचे २४,५०० घेतले. एकूण ४४,७०० रुपये, सगळे रोख. कुठल्याही शिबिरात रोखीचाच आग्रह धरला तर तिथूनच माघारी फिरा.

पुढे बाबांना थंडी वाजून ताप आला, दम लागला. छातीच्या एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. आडवं पडून मान दाबल्यावर वर आलेलं अन्न श्वासनलिकेत उतरत होतं. हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा बाबांना समोर बसवून पाणी प्यायला लावलं, मानेतला आवाज ऐकला आणि बेरियम पाजून गळ्याचा एक्स-रे काढायला सांगितला, बाजूनेसुद्धा. खर्च २,२०० रुपये. फिल्मवर अन्ननलिकेच्या मागे, शर्टाला आतून शिवलेल्या खिशासारखी, बेरियमने भरलेली पिशवी स्पष्ट दिसत होती.

याला झेंकर डायव्हर्टिक्युलम म्हणतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूचा एक पट्टा असतो, तो गिळताना सैल पडायला हवा. उतारवयात काहींचा तो पुरेसा उघडत नाही, मग गिळण्याचा दाब वाढतो आणि त्या पट्ट्याच्या जरा वर, घशाच्या मागच्या बाजूला जी मुळातच कमजोर जागा असते तिथून आतलं अस्तर बाहेर फुगतं. त्यात अन्न साचतं, कुजतं, म्हणून तोंडाला वास. हवा आणि पाणी हलतं म्हणून गुडगुड. पिशवी बहुधा डावीकडे कलते, म्हणून तो अंगठा डावीकडे! मान दाबली की पिशवी रिकामी होते आणि ती पुन्हा भरेपर्यंत माणसाला बरं वाटतं. अख्खा धंदा या काही तासांवर उभा आहे. पुडीने, चूर्णाने किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीने ही पिशवी जात नाही.

वॉर्डात नाकातून नळी घालायला आले तेव्हा बाईंनीच थांबवलं. नळी असो की एन्डोस्कोपीची दुर्बीण, तिचं टोक अन्ननलिकेऐवजी पिशवीत शिरू शकतं, जोर लावला तर पिशवी फाटू शकते. म्हणून अशी लक्षणं असली तर आधी बेरियम करा, आणि कुणी नळी घालणार असेल तर आधी पिशवीचं सांगा.

बाबांचं ऑपरेशन झालं, तोंडातूनच. पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत त्यातल्या स्नायूच्या पट्ट्यासकट कापली. आता पिशवीत पडलेलं अन्न अडून न राहता खाली उतरतं. त्रास काहींना परत होऊ शकतो, हेही आधीच सांगितलंय. पण पिशवी लहान असेल आणि त्रास नसेल तर ऑपरेशन लागतही नाही, तेव्हा उद्या कुणी शिबिरवाला ‘ऑपरेशनशिवाय बरी केली’ म्हणून पेशंट उभा करेल, त्याला भुलू नका.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात पावती दाखवली तर हवालदार म्हणाला, “अंकल, इसमें तो सहयोग राशि लिखा है। दान दिया है आपने।” खरंच, दोन्ही कोर्सच्या पावत्यांवर औषधाचं नाव नाही, उपचार हा शब्द नाही, फक्त सहयोग राशि. आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेलो तर म्हणे हे आयुर्वेदवाल्यांकडे न्या. आयुर्वेदवाले म्हणतात, तो आमच्याकडे नोंदलेला वैद्यच नाही, मग आम्ही कारवाई कुणावर करणार? म्हणजे खोटा वैद्य आहे हे मान्य, आणि खोटा आहे म्हणूनच तो मोकळा! ऑनलाइन तक्रार केली, तिच्यावर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केली. मला फोनसुद्धा नाही. मंगल कार्यालयाचा मॅनेजर तर म्हणाला, हॉल भाड्याने देताना आम्ही काय डिग्री बघायची?

म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पुड्या सीलबंद ठेवल्यात, पत्रकही आहे, त्यावर ‘शर्तिया इलाज’ छापलंय, ते दानाच्या पावतीशी जुळत नाही. तुमच्याकडेही तशी पावती किंवा पत्रक असेल तर लाजून फाडून टाकू नका. त्या हॉलमध्ये टाळ्या वाजवणारे आम्ही काही एकटे नव्हतो.